९७,२०० रुपये आले, पण कोड कुणाचा झाला?

माझा क्लायंट निफाड तालुक्यातला द्राक्ष निर्यातदार. पॅकहाउस स्वतःचं, माल आजूबाजूच्या बागायतदारांचा. कुणाचे किती क्रेट आले, वजन किती भरलं, बाद माल किती, कुणाला किती रक्कम द्यायची, हे सगळं आधी वह्यांत आणि एक्सेलमध्ये चालायचं. ते बंद करून सर्व्हरवर चालणारी एक प्रणाली आणि काट्यावर बसणाऱ्या माणसासाठी एक अँड्रॉइड ॲप, असं काम मी पुण्यात बसून केलं. ठरलेली रक्कम सहा लाख, वर १८ टक्के जीएसटी. चार हप्ते: ३०, ३०, २५ आणि शेवटचा १५ टक्क्यांचा.

करार मी एका अमेरिकन नमुन्यावरून उचलला होता. मालकीबद्दल त्यात एकच वाक्य होतं. मूळ इंग्रजी होतं, मराठीत ते साधारण असं: "पूर्ण व अंतिम रक्कम मिळाल्यावर सर्व काम 'वर्क मेड फॉर हायर' समजले जाईल आणि डेव्हलपर त्यातील सर्व हक्क क्लायंटला हस्तांतरित करील." वाचायला भारदस्त. मी सही केली, त्यांनी केली, आणि पुढचे वर्षभर कुणी त्या वाक्याकडे पाहिलं नाही.

(पुढे 'कलम' म्हणजे कायद्यातलं आणि 'अट' म्हणजे करारातली, असं धरून चाला. नाहीतर घोळ होतो.)

जानेवारीत प्रणाली सुरू झाली, हंगाम तिच्यावरच पार पडला. शेवटच्या हप्त्याचं बिल मी फेब्रुवारीत पाठवलं. हंगामात निर्यातदाराकडे बिलाचा विषय काढणं म्हणजे लग्नाच्या मांडवात उधारी मागणं, म्हणून गप्प राहिलो. मधे काट्याच्या पावतीवर मराठी छपाई हवी, बागायतदारनिहाय वेगळा अहवाल हवा, अशी वाढीव कामं निघाली. ती मी ३८,००० रुपयांत करून दिली, तीही व्हॉट्सॲपवरच्या "ओके करा" एवढ्या मान्यतेवर.

जूनमध्ये क्लायंटचा, म्हणजे भाऊंचा फोन आला. आवाजात घाई होती. त्यांच्या फर्ममध्ये एक भागीदार पैसे घालणार होता आणि त्याच्या वकीलबाईंनी यादी पाठवली होती: जमीन, शीतगृहाची यंत्रं, आणि "सॉफ्टवेअरच्या मालकीचा कागद". दुसऱ्या दिवशी माझ्या खात्यात ९७,२०० रुपये जमा झाले आणि मेसेज आला: "फायनल पेमेंट केलं. आता सॉफ्टवेअर आमच्या नावावर असल्याचं लिहून द्या."

अंतिम रक्कम म्हणजे नेमकी कोणती?

पहिली अडचण इथेच. शेवटचा हप्ता ९०,००० चा, त्यावर जीएसटी १६,२००, म्हणजे बिल १,०६,२०० चं. त्यांच्या अकाउंटंटने मूळ ९०,००० वर १० टक्क्यांनी ९,००० टीडीएस कापला आणि उरलेले ९७,२०० पाठवले. त्यांच्या दृष्टीने बिल चुकतं झालं. करारात मात्र 'पूर्ण रक्कम मिळाल्यावर' असं लिहिलेलं, आणि मला बिलाची पूर्ण रक्कम मिळालेली नाही. अक्षरशः वाचलं तर ती कधीच मिळणार नव्हती, कारण टीडीएस कापणाऱ्या कुठल्याही क्लायंटकडून बिलाएवढी रक्कम बँकेत येत नाही. आजवर मी केलेल्या प्रत्येक करारात ही फट होती.

त्यात ३८,००० चं वाढीव काम. जीएसटीसह ४४,८४०. ते अंतिम रकमेत धरायचं की नाही? मी म्हणणार धरायचं, भाऊ म्हणणार तो वेगळा विषय. करार यावर गप्प. सरळ सांगतो, त्या क्षणी मला याचा आनंदच झाला होता. मालकीची किल्ली माझ्या हातात आहे, आता ते पैसे निघतील, असं वाटलं.

तो आनंद अर्धा दिवस टिकला. वकिली करणाऱ्या एका जुन्या मित्राला करार दाखवला. तो म्हणाला, "किल्ली तुझ्या हातात आहे हे खरं, पण कुलूप कुठल्या दाराला आहे ते बघ."

मालक मुळात कोण असतो

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅम हे साहित्यकृतीत मोडतात. कलम १७ नुसार कृतीचा पहिला मालक तिचा कर्ता. नोकरीच्या करारात, नोकरीचं काम म्हणून केलं असेल तर पहिला मालक नोकरी देणारा. फोटो, चित्र, चित्रपट यांसारख्या मोजक्या गोष्टींत पैसे देऊन करवून घेणारा पहिला मालक होतो, पण त्या यादीत प्रोग्रॅम नाही. म्हणजे फ्रीलान्सरने लिहिलेला कोड, क्लायंटने त्याचे सहा लाख मोजले असले तरी, लिहिणाऱ्याचाच राहतो. तो सरकतो फक्त असाइनमेंटने, म्हणजे हक्क लेखी दुसऱ्याच्या नावावर करून दिल्याने. कायद्याच्या मराठी पुस्तकांत याला अभिहस्तांकन म्हणतात, पण ऑफिसात हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही.

'वर्क मेड फॉर हायर' ही अमेरिकन कायद्यातली कल्पना. तिथेही बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या कामाला ती लागू पडण्यासाठी कामाचे नऊ ठरावीक प्रकार आहेत आणि त्यांत सॉफ्टवेअर असं नावाने दिलेलं नाही. आपल्याकडे तर फ्रीलान्सरच्या बाबतीत त्या शब्दांनी काहीच घडत नाही. माझ्या वाक्याचा पहिला अर्धा भाग नुसती शोभा होता.

दुसऱ्या अर्ध्या भागात 'हस्तांतरित करील' होतं. हे भविष्यकाळातलं वचन. पैसे मिळाले तरी आपोआप काही सरकत नाही, मी पुन्हा एका कागदावर सही करावी लागते. मी परदेशी गेलो, रुसलो किंवा मेलो, तर क्लायंटने दिलेल्या पैशाच्या बदल्यात त्याच्या हातात फक्त माझं वचन. वकीलबाईंनी नेमकं हेच लाल शाईत अधोरेखित केलं होतं.

आता माझी बाजू. मित्राने विचारलं, "सर्व्हर कुणाच्या खात्यावर आहे?" क्लायंटच्या. "कोड कशात?" पीएचपीत. तो हसला. पीएचपीचा कोड सर्व्हरवर जसाच्या तसा पडलेला असतो, म्हणजे 'पैसे येईपर्यंत सोर्स देत नाही' ही माझी ताठर भूमिका जानेवारीपासूनच पोकळ होती. सोर्स त्यांच्याच यंत्रावर होता. माझ्याकडे अडकवून ठेवण्यासारखं एवढंच उरलं होतं: ॲपचा सोर्स, ॲपवर सही करणारी कीस्टोअर फाईल, आणि गिटमधला सगळा इतिहास.

वापर थांबवता येतो का, हेही मी विचारलं. कलम ५२ मधल्या एका तरतुदीनुसार, प्रोग्रॅमची प्रत ज्याच्या हातात कायदेशीर मार्गाने आली आहे, त्याने ज्या कामासाठी ती दिली त्या कामासाठी तिच्या प्रती काढणं किंवा तिच्यात बदल करणं हे उल्लंघन ठरत नाही. मीच बसवून दिलेली प्रणाली ते काट्यावर वापरतात, त्याला चोरी म्हणणं अवघड. आणि सर्व्हरवर शिरून प्रणाली बंद पाडली, तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली मीच अडकेन. परवानगीशिवाय संगणक बंद पाडणं किंवा हक्काच्या माणसाचा प्रवेश रोखणं त्यात येतं, आणि "त्यांनी माझे पैसे थकवले होते" हे त्यावरचं उत्तर नाही. ॲपमध्ये 'ठरावीक तारखेला बंद पड' अशी ओळ लपवून ठेवणारे मला माहीत आहेत. ते आगीशी खेळतात.

थोडक्यात, भाऊंकडे वापर होता पण मालकी नव्हती. माझ्याकडे मालकी होती पण तिचा मला काडीचा उपयोग नव्हता, कारण निफाडच्या एका पॅकहाउसची पद्धत धरून बेतलेली प्रणाली मी दुसऱ्या कुणाला विकणार? गरज दोघांनाही होती. शेवटी वकीलबाई, भाऊ आणि मी नाशिकला बसलो आणि जुन्या कराराला जोडणारा पूरक करार लिहिला.

पूरक करारातल्या अटी

पहिली अट मालकीची नव्हेच, पैशाची होती. मी वकीलबाईंना म्हणालो, मालकी ज्या घटनेवर टांगायची ती घटना बँकेच्या पासबुकात दाखवता आली पाहिजे. घासाघीस होऊन अट अशी उतरली:

"परिशिष्ट अ मधील चार हप्ते, आणि दोन्ही पक्षांनी ईमेलवर मान्य केलेल्या वाढीव कामांची बिले, जीएसटीसह व कायद्याने कापायचा टीडीएस वजा जाता, डेव्हलपरच्या खात्यात जमा होणे म्हणजे अंतिम रक्कम मिळणे. कापलेला टीडीएस हा मिळालेल्या रकमेचा भाग धरला जाईल. तो मुदतीत सरकारकडे न भरल्यास तेवढी रक्कम क्लायंटचे देणे राहील, परंतु त्यामुळे हस्तांतर अडणार नाही."

शेवटच्या वाक्यावर मी आधी अडलो होतो. टीडीएस माझ्या पॅनवर दिसेपर्यंत मालकी देणार नाही, असं मला लिहायचं होतं. वकीलबाईंनी विचारलं, "९,००० रुपयांसाठी सहा लाखांची मालकी दोन-तीन महिने लटकत ठेवायची?" कापलेला टीडीएस पुढच्या महिन्यात भरला जातो आणि माझ्या नावावर दिसायला त्यानंतर तिमाहीचं विवरणपत्र जावं लागतं. त्यांचं बरोबर होतं. पैशाचा हक्क ठेवायचा, पण मालकीचं दार त्याने अडवायचं नाही.

वाढीव कामाला 'ईमेलवर मान्य' हे शब्द मुद्दाम घातले. व्हॉट्सॲपवरचं "ओके" पुरावा म्हणून चालत नाही असं नाही, पण कुठल्या ओकेने कुठलं काम मंजूर झालं यावर दोन तास वाद होतो. आमचा झालाच. माझं ३८,००० चं काम भाऊंनी त्याच बैठकीत मान्य केलं, तेही पावतीवरची मराठी छपाई पुन्हा एकदा निरखून पाहून. टीडीएस जाऊन बँकेत यायचे ते ४१,०४०.

पैसे कधी देय होतात हेही लिहावं लागलं, नाहीतर 'अजून थोडं बघतो' म्हणत हंगाम जातो. काम सुपूर्द केल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत क्लायंटने दोष लेखी कळवायचे. कळवले नाहीत तर, किंवा प्रत्यक्ष कामात प्रणाली वापरायला सुरुवात केली तर, काम स्वीकारलं असं धरायचं. दोष म्हणजे परिशिष्टात लिहिलेली गोष्ट न चालणं. 'हा रंग आवडला नाही' हा दोष नव्हे. हे शेवटचं वाक्य करारात नाही, ते माझं.

मग मुख्य अट. वकीलबाईंनी तिचं क्रियापद तीनदा बदललं आणि माझ्या मते साऱ्या करारात तेच एक क्रियापद खरं महत्त्वाचं आहे:

"अंतिम रक्कम मिळताच, त्या क्षणापासून आणि वेगळ्या दस्ताशिवाय, डेव्हलपर परिशिष्ट ब मध्ये वर्णन केलेल्या कामातील कॉपीराइटचे सर्व हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी आणि जगभरासाठी, या कराराद्वारे क्लायंटला हस्तांतरित करीत आहे. याचा मोबदला करारातील रकमेत समाविष्ट असून वेगळी रॉयल्टी देय नाही. हस्तांतरित हक्क एका वर्षात वापरले नाहीत या कारणाने हस्तांतर संपुष्टात येणार नाही."

'करील' नव्हे, 'करीत आहे'. सही आजची, परिणाम पैसे आल्यावर. कलम १८ नुसार पुढे तयार होणाऱ्या कामाचंही हस्तांतर आज लिहून ठेवता येतं, काम अस्तित्वात आलं की ते लागू होतं. त्यामुळे नव्या कामात ही अट पहिल्याच दिवशी सही करून ठेवता येते. हस्तांतर लेखी आणि देणाऱ्याच्या सहीचं असावं ही कलम १९ ची गरज त्याच सहीने भागते.

बाकीचे शब्द पाल्हाळ वाटतील, पण प्रत्येकामागे त्याच कलम १९ चा एकेक पोटभाग उभा आहे. मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. आणि वेगळं काही लिहिलं नसेल, तर मिळालेले हक्क एका वर्षात न वापरल्यास तेवढ्यापुरतं हस्तांतर गळून पडतं. माझ्या जुन्या वाक्यात यातलं काहीच नव्हतं. त्या वाक्याप्रमाणे मी निमूट सही करून दिली असती, तरी भाऊंना पाच वर्षांपुरती आणि भारतापुरतीच मालकी मिळाली असती. माल जातो रॉटरडॅमला, आणि तिथल्या खरेदीदाराला लॉगिन द्यायचा त्यांचा विचार चालला होता. हे ऐकून भाऊ म्हणाले, "म्हणजे पाच वर्षांनी तू परत आला असतास?" मी म्हणालो, "भाऊ, मला हे आजच कळलंय."

पैसे यायच्या आधीच्या काळासाठी एक छोटी अट: तोवर क्लायंटला स्वतःच्या व्यवसायात प्रणाली वापरण्याची परवानगी राहील, पण ती दुसऱ्याला देता किंवा विकता येणार नाही. रक्कम देय झाल्यावर ४५ दिवसांत आली नाही, तर १५ दिवसांची लेखी नोटीस देऊन परवानगी मागे घेता येईल. ही अट नसेल तर त्या काळात क्लायंट कोणत्या हक्काने वापरतोय, हे दोघांनाही सांगता येत नाही. परवानगी मागे घेणं म्हणजे कागदावर घेणं. त्यानंतरही सर्व्हरला हात लावायचा नाही, पुढचा रस्ता कोर्टाचा.

जे माझंच नव्हतं

परिशिष्ट ब मध्ये कामाचं वर्णन लिहायला घेतलं, तेव्हा वकीलबाईंनी सहज विचारलं, "हे सगळं तुम्हीच लिहिलंय ना?" मी हो म्हणालो. त्या म्हणाल्या, "दाखवा." मी लॅपटॉप उघडून कमांड दिली:

```
git shortlog -sne --all
```

या कमांडने कुणाचे किती कमिट आहेत ते नावानिशी येतं. तीन नावं आली. मी, माझ्याकडे पगारावर असलेली एक मुलगी, आणि ६१ कमिट एका इंटर्नचे. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात असताना त्याने दोन महिने येऊन बागायतदारांच्या हिशेबाचा अख्खा भाग लिहिला होता. त्याला मी मानधन दिलं, शिफारसपत्र दिलं, कागद कुठलाच केला नाही.

मुलगी पगारी नोकर, तिचं काम कलम १७ प्रमाणे माझं. इंटर्न नोकर होता असं सिद्ध करणं कठीण. म्हणजे प्रणालीतला सर्वांत कळीचा भाग, बागायतदाराला किती पैसे द्यायचे ते ठरवणारा, कदाचित माझ्या मालकीचाच नव्हता. आणि माझं नाही ते मी दुसऱ्याला देऊ शकत नाही, करारात शब्द कितीही जाड घातले तरी. मुलगा आता बेंगळुरूला नोकरीत. त्याला फोन केला, सगळं खरं सांगितलं. तो म्हणाला, "सर, ते फंक्शन अजून चालतंय?" मुलगा गुणी निघाला, त्याने एक पानी असाइनमेंट आधारच्या ई-सहीने पाठवून दिलं. मी त्याला वेगळे ५,००० रुपये पाठवले आणि तो आकडा कागदात मोबदला म्हणून लिहिला. त्याने नकार दिला असता, तर तो भाग नव्याने लिहिण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. प्रणालीत पावत्या, जीएसटीची बिलं आणि एसएमएस यांचा माझा जुना कोड होता, जो मी चार क्लायंटना वापरला आहे. तो भाऊंना विकला, तर उद्या मी स्वतःचाच कोड वापरताना त्यांचं उल्लंघन करणार. म्हणून तो `lib/common` या फोल्डरमध्ये वेगळा काढला आणि त्याच्यासाठी मालकी नव्हे, लायसन्स दिलं: कायमचं, जगभराचं, बदल करण्याच्या आणि धंद्याबरोबर पुढे देण्याच्या परवानगीसह, पण माझा वापर अबाधित ठेवून. मुदत इथेही लिहिलीच पाहिजे, कारण कलम ३०अ मुळे कलम १९ चे हेच नियम लायसन्सलाही लागू होतात.

मुक्त स्रोत लायब्रऱ्या तर दोघांच्याही नव्हेत. त्या आपापल्या लायसन्सखाली राहतील असं लिहून यादी जोडली. पीएचपीसाठी `composer licenses` ही कमांड तयार यादीच देते. आमच्या यादीत बहुतेक एमआयटी आणि बीएसडी निघाली, चिंतेचं काही नव्हतं. एजीपीएल दिसलं असतं तर थांबावं लागलं असतं. ते लायसन्स, बदललेला प्रोग्रॅम नेटवर्कवरून वापरणाऱ्यालाही त्याचा सोर्स उपलब्ध करायला सांगतं, आणि 'हे फक्त आमचं' या वाक्याशी त्याचं जमत नाही.

फाईली हातात देणं

मालकी कागदावर सरकते, फाईली नाही. हे दोन वेगळे व्यवहार आहेत आणि माझ्या जुन्या करारात दुसऱ्याबद्दल अक्षरही नव्हतं. 'सोर्स फाईली देईल' एवढं लिहून भागत नाही, कारण क्लायंटला सोर्स म्हणजे काय ते माहीत नसतं आणि डेव्हलपरला जेवढं सोयीचं तेवढंच आठवतं. आम्ही कसोटी ठरवली: या कामाशी संबंध नसलेला एखादा जाणकार कोऱ्या मशीनवर, मला फोन न करता, प्रणाली उभी करू शकला तर सोर्स दिला असं म्हणायचं.

त्या कसोटीतून यादी आपोआप बाहेर आली. गिटचा सगळा इतिहास, डेटाबेसचे मायग्रेशन, `.env` मध्ये काय काय लागतं त्याचा नमुना, पडद्यांच्या मूळ डिझाइन फाईली, कुठली सेवा कुठल्या खात्यावर आहे त्याची नोंद. आणि ॲपची कीस्टोअर, पासवर्डसह. ती सगळे विसरतात. ॲपची अंतिम सही गूगलकडे सोपवलेली असेल तर हरवलेली अपलोड की बदलून मिळते, पण तशी सोय घेतलेली नसेल आणि मूळ की हरवली, तर त्याच ॲपचा पुढचा अपडेट कधीच देता येत नाही. काट्यावरच्या प्रत्येक फोनमध्ये नवं ॲप टाकत फिरावं लागतं.

राहिला भरवशाचा प्रश्न. भाऊ म्हणाले, "उरलेले ४१,०४० मी दिले आणि तू फाईल अर्धवट दिलीस तर?" माझी भीती उलटी होती. यावरचा तोडगा आम्ही स्क्रीन शेअर करून एका दुपारी केला. वकीलबाईंच्या ओळखीचा एक डेव्हलपर कॉलवर होता. त्याच्यासमोर मी त्याने सांगितलेल्या रिकाम्या मशीनवर सगळं उभं केलं. दोनदा अडलं, एकदा `.env` मधलं एक नाव राहिलं म्हणून, एकदा फाँटची फाईल सापडेना म्हणून. चालू झाल्यावर त्याच्या डोळ्यांदेखत अंतिम आवृत्तीवर टॅग लावून, गठ्ठा बांधून, त्यात कीस्टोअर आणि डिझाइनचं फोल्डर घालून कुलूप लावलं:

```
git tag -a v1.0-final -m "final"
git bundle create kaam.bundle --all
git bundle verify kaam.bundle
7z a -p -mhe=on kaam.7z kaam.bundle keystore.jks design/
sha256sum kaam.7z
```

कुलूपबंद `kaam.7z` त्याच वेळी भाऊंना पाठवली आणि शेवटच्या कमांडने दिलेला फाईलचा हॅश, म्हणजे तिचा ठसा, तिघांना ईमेल केला. पासवर्ड पैसे आल्यावर. फाईल त्यांच्याकडे पोचलीय, ती पाहिलेलीच आहे हे ठशावरून पडताळता येतं, आणि उघडत मात्र नाही. ज्या कमिटवर टॅग लावला त्याचा क्रमांक परिशिष्ट ब मध्ये लिहिला, म्हणजे हस्तांतरित काम नेमकं कोणतं यावर पुढे वाद नको. एक मर्यादा लक्षात असू द्या: गिटच्या गठ्ठ्यात एलएफएसमधल्या मोठ्या फाईली आणि सबमॉड्यूलमधला कोड येत नाही. ते वापरलं असेल तर वेगळं बांधावं लागतं. आमच्याकडे दोन्ही नव्हतं.

करारात याचं एकच वाक्य आहे: अंतिम रक्कम मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत पासवर्ड न दिल्यास दर दिवसाला ठरावीक रक्कम डेव्हलपरकडून देय. ही अट मीच सुचवली. पैशाची मुदत समोरच्याला घालायची आणि स्वतःला काहीच नाही, हे बरं दिसत नव्हतं.

पूरक करारावर सह्या झाल्या त्या शुक्रवारी. सोमवारी सकाळी सव्वाअकराला ४१,०४० रुपये खात्यात आले, साडेअकराला मी पासवर्ड पाठवला, वर एक पानी पुष्टीपत्र: अमुक तारखेला अंतिम रक्कम मिळाली, अट लागू झाली. तसं पत्र कायद्याने लागत नाही, पण भागीदाराच्या फाईलला लावायला बरं पडतं.

संध्याकाळी भाऊंचा फोन. पासवर्ड चालत नव्हता. त्यांच्या अकाउंटंटने तो वहीत हाताने उतरवून घेतला होता आणि शून्याच्या जागी 'ओ' लिहिला होता.